बाईंचा अंबाडा

माझ्या पार्लरमध्ये पडद्याच्या आत आलेले एकच पुरुष म्हणजे आमच्या बाईंचे यजमान. ते आले होते अंबाडा घालायला शिकायला.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. माझे यजमान सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. लग्नाआधी मी नाशिकला ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. सिल्वासाला आल्यावर भाड्याच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. तिथे मोठा आरसा, एक फिरती खुर्ची आणि दाराला जाड पडदा एवढं जमवून मी काम सुरू केलं. सामान वापीहून आणायचे. येणाऱ्यांत कारखान्यातल्या साहेबांच्या बायका, गुजराती घरांतल्या लग्नाच्या मुली आणि क्वार्टर्समधल्या शिक्षिका जास्त. म्हाताऱ्या बायका आल्याच तर नातीबरोबर यायच्या, बाकावर पदर सावरून बसायच्या आणि स्वतःच्या डोक्याला हात लावू द्यायच्या नाहीत.

बाई मराठी शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांचे यजमान, काका, इथल्याच सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरी संपल्यावर दोघं कोकणात परत गेली नाहीत, दोन खोल्यांचं घर बांधून इथेच राहिली. मुलगा ठाण्याला. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर होतं. सगळा रस्ता त्यांना बाई म्हणायचा, त्यामुळे मीही बाईच म्हणू लागले.

त्या वर्षी बाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा खांदा दुखावला. हाड जुळून आलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. भाजी चिरता यायची, लिहिता यायचं, पदर घेता यायचा. केस मात्र बांधता येईनात. एका दुपारी दोघं माझ्याकडे आली. काका बाहेर ओट्यावर थांबले, बाई आत येऊन खुर्चीवर बसल्या.

मी त्यांचा अंबाडा सोडला. आकडे काढता काढता हाताला जड काहीतरी लागलं. आत खोट्या केसांचं गंगावन होतं, काळं, जुनं. त्याच्याभोवती बाईंचे स्वतःचे केस गुंडाळलेले. ते बाजूला काढल्यावर राहिली ती करंगळीएवढी पांढरी शेपटी, कमरेच्या वरपर्यंत पोचणारी. मधला भांग इतका रुंद झाला होता की टाळूची कातडी स्वच्छ दिसत होती. कानाच्या वर, जिथून केस रोज मागे ओढले जायचे, तिथे तर नुसतं विरळ जावळ उरलं होतं.

"किती वर्षं असाच बांधता?" मी विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

"घट्ट बांधता बाई. वर हे गंगावनाचं वजन. केसांच्या मुळांना ओढ बसते. आधीच नाजूक केस, त्यात वयाने अजून बारीक झालेत."

बाई आरशात बघत होत्या. स्वतःचे मोकळे केस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नसावेत. म्हणाल्या, "अगं, हे तर एखाद्या म्हातारीचे केस आहेत."

मी त्यांना सरळ सांगितलं की खांद्याच्या वर कापले तर त्यांचं त्यांना विंचरता येईल, दिसायलाही दाट दिसतील. लांब ठेवले की विरळ केस अजून विरळ दिसतात, सगळं वजन खाली जातं आणि टाळूवर चपटे बसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही. कापायचे नाहीत."

"काका काही म्हणतील का?"

"ते काहीच म्हणणार नाहीत. मलाच नकोत."

त्या वेळी कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मग म्हणाल्या, "यांना दाखवशील का अंबाडा कसा घालायचा? आत बोलावलं तर चालेल?"

दुपारची वेळ होती, दुसरं कोणी नव्हतं. मी पडदा सारून काकांना हाक मारली. चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे ते आत आले. मी त्यांना शिकवलं. आधी टोकाकडून विंचरायचं, मग मधून, मग मुळाकडून, नाहीतर गुंता आवळतो. गंगावन नको. केस मागे घेताना ओढायचे नाहीत, तळहातावर नुसते झेलायचे. एक पीळ द्यायचा, मानेवर गोल फिरवायचा आणि आकडा केसांत आडवा घालून उलटा वळवायचा, म्हणजे टाळूला न टोचता बसतो. काकांच्या हातून दोनदा सगळं सुटलं. तिसऱ्यांदा एक लहानसा, थोडा डावीकडे कललेला अंबाडा जमला. सुपारीएवढा.

बाईंनी मागे हात नेऊन चाचपून पाहिलं. डावा हात, कारण उजवा पोचत नव्हता. "एवढासाच?" म्हणाल्या.

"आहे तेवढाच," काका म्हणाले. "आता खोटं काही नाही."

तेव्हापासून काका रोज सकाळी बाईंचा अंबाडा घालू लागले. मी दूध घ्यायला निघाले की त्यांच्या ओट्यावर दोघं दिसत. बाई पुढे पाटावर, काका मागे खुर्चीवर, तोंडात आकडे धरलेले, त्यामुळे बोलायच्या फक्त बाई. वर्तमानपत्रातलं काही, मुलाकडचं काही, शाळेतल्या जुन्या मुलींचं काही. काका हुं हुं करत. विंचरणं पाच मिनिटांचं काम, पण दोघं चांगला अर्धा तास बसत. शेजारच्या गुजराती बेन हसायच्या, म्हणायच्या, "काका तो एकदम होशियार थई गया." काकांना त्याचं काही वाटत नसे.

अशी काही वर्षं गेली. बाईंचे केस अजून उतरले. एकदा कुणाचं तरी ऐकून त्यांनी मेंदी लावली आणि सगळं डोकं नारिंगी झालं. पांढऱ्या केसांवर मेंदी तशीच चढते. तो रंग उतरेपर्यंत त्या डोक्यावरून पदर घेऊन फिरल्या, आणि मी हसले तेव्हा स्वतःही हसल्या. दुसऱ्या एका पार्लरवालीने त्यांना पर्म करून घ्या, औषधाने केस कुरळे होऊन फुगलेले दिसतील असं सांगितलं होतं. विचारायला आल्या तेव्हा मी म्हटलं, करू नका. त्या औषधाने एवढे नाजूक केस तुटून हातात येतील. त्यांना ते पटलं.

मग काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले, वापीच्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, पण ते पोचले नाहीत.

मुलगा आला, दिवसकार्य झालं. काकांची थोरली बहीण कोकणातून आली होती, ती मागे राहिली. बाई त्यांना वन्सं म्हणायच्या. वन्सं स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या, एकट्याने शेतीवाडी सांभाळलेल्या, सोवळ्याच्या कडक. मुलगा सुट्टी संपली म्हणून परत गेला. आईला ठाण्याला चल म्हणाला, पण बाई इतक्यात नको म्हणाल्या.

मी काही दिवस जाऊन बसत होते, पण केसांचा विषय काढावासा वाटला नाही. एका सकाळी गेले तेव्हा बाई मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या आणि वन्सं त्यांचे केस विंचरत होत्या. वन्संचे हात नारळ सोलणाऱ्या बाईचे होते. मुळापासून सरळ खाली फणी ओढायच्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डोक्याला तेल चोपडलेलं, त्यामुळे केस टाळूला चिकटून बसलेले. मानेमागे तर एक गोळा झाला होता. इतके दिवस कोणी नीट हात लावला नव्हता, उशीवर घासून केसांची जटाच बनली होती.

मी वन्संच्या हातातून फणी घेतली. "आजी, मी करते."

जटा सोडवायला बराच वेळ लागला. थोडं तेल बोटांना लावून एकेक केस मोकळा करत गेले. तरी थोडे तुटलेच. वन्सं स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे आता रोज कोण करणार गं? वन्सं पुढच्या महिन्यात जातील. तू तरी किती दिवस येशील?"

"मी येईन."

"येशील. माहीत आहे. पण मला सकाळी उठून कुणाची वाट बघायची नाही."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे आधी सांगितलं नव्हतं.

त्यांची एक आत्या होती. लहानपणीच लग्न झालेली, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. बाई तेव्हा अगदी लहान होत्या. आत्याचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि ती छोट्या बाईंना ते धरून खेळू द्यायची. एक दिवस मागच्या दाराने न्हावी आला. मुलांना माडीवर पाठवलं होतं, पण बाई खिडकीतून पाहत राहिल्या. आत्याला अंगणाच्या कोपऱ्यात पाटावर बसवलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. संध्याकाळी लाल लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन ती जेवण वाढायला आली तेव्हा बाईंनी तिला ओळखलंच नाही.

"कुणी तिला विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तिच्यापुढे आरसासुद्धा ठेवला नव्हता. तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या केसांना कात्री लावू देणार नाही. नवरा असो नसो. आणि आता बघ. कापायची वेळ आली ती यांच्यानंतरच."

"मग नका कापू, बाई."

"न कापून करू काय? असे?" त्यांनी मानेमागे बोट दाखवलं.

वन्संनी दारातून ऐकलं होतं. आत येऊन म्हणाल्या, "काय कापायचं म्हणते आहेस? अजून महिना नाही झाला. लोक काय म्हणतील? भाऊ गेला आणि हिने डोकं उतरवून घेतलं? पूर्वी जुलमाने करायचे, आता आपण होऊन करायचं?"

"वन्सं, तसं नाही हो."

"मग कसं? सांग मला."

त्या दिवशी विषय तिथेच राहिला.

चार दिवसांनी बाई माझ्या पार्लरमध्ये आल्या. एकट्या, चालत, भर सकाळी, सगळ्या रस्त्यासमोरून. डोक्यावर पदर नव्हता. केस नुसते मागे सोडलेले, पांढरे, विस्कटलेले. एक शिक्षिका भुवया करून घ्यायला बसली होती, ती उठून उभी राहिली. बाईंनीच तिला शिकवलं होतं. बाई तिला म्हणाल्या, "बस, तुझं होऊ दे." आणि बाकावर थांबल्या. त्यांची पाळी आली तेव्हा खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता मला नीट सांग. काय काय करता येतं ते. मला समजून घेऊन ठरवायचंय."

मी सांगितलं. खांद्यापर्यंत ठेवले तर कापल्यासारखं फारसं वाटणार नाही, पण ती सगळ्यात वाईट लांबी. खांद्याला लागून टोकं बाहेर वळतात, उन्हाळ्यात मानेला चिकटतात, आणि बांधावेसे वाटतात. बांधायचे म्हणजे परत दोन हात हवेत. अगदी आखूड, बॉय कट म्हणतात तसा केला तर काहीच करावं लागणार नाही, टॉवेलने पुसले की झालं. पण तो महिन्याला कापून घ्यावा लागतो, नाहीतर कानावर वेडावाकडा वाढतो. आणि तुमच्या टाळूवर केस इतके विरळ आहेत की आखूड केल्यावर सगळी कातडी दिसेल.

"तो नको," बाई पटकन म्हणाल्या.

"नकोच," मी म्हटलं.

तिसरा मार्ग होता हनुवटीच्या थोडं खाली, मागे मानेची केसांची रेघ जेमतेम झाकेल इतका. खालची कड एका रेषेत सरळ. टोकं एका रेषेत असली की विरळ केसही दाट वाटतात. हल्ली सगळ्या मुली स्टेप कट मागतात, पण पायऱ्या पाडल्या तर तुमच्या केसांत टोकांना काही उरणारच नाही, शेपट्या दिसतील. फक्त पुढे, गालाजवळ, एक-दोन बटा जरा मऊ करायच्या म्हणजे चेहरा कडक दिसत नाही. आणि भांग मधला नको. तो वर्षानुवर्षं एकाच जागी पडून रुंद झालाय. डावीकडे सरकवू, थोडा वाकडा, म्हणजे केस त्या जागेवरून आडवे पडतील आणि टाळू झाकली जाईल. विंचरणं डाव्या हाताने जमेल, मोठ्या दातांच्या कंगव्याने. दोन महिन्यांनी एकदा टोकं सारखी करायची.

"तेल?"

"न्हायच्या आदल्या दिवशी थोडं. रोज नको. तेलाने हे केस चिकटतात आणि होते त्याच्या निम्मे दिसतात."

बाई आरशात बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ही खुर्ची आणखी पुढे घे. मला सगळं दिसलं पाहिजे. आणि पडदा उघडा ठेव."

"रस्त्यावरून दिसेल, बाई."

"दिसू दे."

मी पडदा बाजूला केला. केस पाण्याने भिजवले, जुना भांग मोडून नवा पाडला, मागचे दोन भाग करून चाप लावले. ओले केस सुकल्यावर थोडे वर चढतात, म्हणून ठरवल्यापेक्षा बोटभर खालीच कात्री धरली. पहिली बट कापायच्या आधी मी थांबले. आरशात आमची नजरानजर झाली.

"विचार ना," बाई म्हणाल्या.

"काय विचारू?"

"कापू का म्हणून विचार."

"कापू का, बाई?"

"काप."

कात्रीचा आवाज फारसा होतच नव्हता, इतके ते केस बारीक होते. गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कापडावर पडलेले दिसतही नव्हते. बाई रडत होत्या, पण चेहरा हलत नव्हता, नुसतं पाणी गालावरून येत होतं. मी मध्येच थांबले तर म्हणाल्या, "तू थांबू नकोस. मी यांच्यासाठी रडतेय, केसांसाठी नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "केसांसाठीही रडतेय."

पंख्याखाली केस सुकले. मी बोटांनी मुळाकडून जरा वर उचलले. पांढरे केस गालाजवळ मऊ पडले होते, मानेमागे सारखी कड दिसत होती, आणि टाळू खरंच झाकली गेली होती. बाईंनी डावा हात वर नेला आणि स्वतः कंगवा फिरवला. एकदा, दोनदा. काही अडकलं नाही.

"हलकं वाटतंय," म्हणाल्या. आणि मग, "फारच हलकं वाटतंय."

मी त्यांना घरी सोडायला गेले. वन्सं ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या. दुपारी स्वतःचं जेवण वेगळं मांडून बसल्या. दोन दिवसांनी बाईंच्या मुलाला फोन करवून गाडीने परत गेल्या. जाताना बाईंना एवढंच म्हणाल्या, "आईने माझ्या वेळी सगळ्यांशी भांडून माझे केस राखले होते. तुला ते कळायला हवं होतं." बाईंना हे ठाऊकच नव्हतं. एवढ्या वर्षांत नणंदेने कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी वन्संचा हात धरायचा प्रयत्न केला, पण वन्संनी हात सोडवून घेतला.

गावात थोडे दिवस चर्चा झाली. काही बायकांना आवडलं, काहींनी नाकं मुरडली. क्वार्टर्समधली एक बाई माझ्याकडेच म्हणाली की मी म्हातारीला भरीला घातलं. मी ऐकून घेतलं. बाईंना कुणी काही बोललं असेल तर त्यांनी मला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, आता त्यांना सोपं जाईल. केसांच्या बाबतीत गेलंही. न्हाऊन टॉवेलने दाबून पुसायचे, कंगवा फिरवायचा, की तयार. पण एकदा मी सकाळी दूध घेऊन येताना त्यांच्या ओट्यावर थांबले. बाई पाटावर बसल्या होत्या. केस विंचरलेले, साडी नेसलेली, समोर काहीच नाही.

"इतक्या लवकर आवरलंत?"

"दोन मिनिटांत आवरतं गं आता," त्या म्हणाल्या. "मग इथे येऊन बसते. एवढ्या सकाळचं करायचं काय, ते कळत नाही."

मी त्यांच्याशेजारी बसले. दूध उन्हात ठेवलं होतं तरी बसले. त्यांनी वर्तमानपत्रातलं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. पुढचं आठवत नाही म्हणाल्या. मला वाटतं, आठवत होतं.

दोन महिन्यांनी टोकं सारखी करायला त्या यायच्या. ते काम थोडक्यात व्हायचं, पण मी मुद्दाम वेळ लावायचे. डोक्याला हात लागला की त्या डोळे मिटायच्या. एकदा डोळे मिटलेले असतानाच म्हणाल्या, "आता मला शिवणारी तूच राहिलीस." मी कंगवा तसाच फिरवत राहिले.

काकांच्या वर्षश्राद्धाला वन्सं पुन्हा आल्या. येतील असं वाटलं नव्हतं. बाईंशी बोलणं जेवणापुरतं, पाण्यापुरतं. श्राद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी पार्लरमध्ये एकटी होते तेव्हा पडदा हलला आणि बाई वन्संना हाताला धरून आत घेऊन आल्या.

"यांच्या डोक्याला जखम झालीय," बाई म्हणाल्या. "मला बघू देत नाहीत. तू बघ."

वन्सं खुर्चीत बसल्या. मी अंबाडा सोडला. तसंच काळं गंगावन, आकड्यांनी टाळूजवळ टोचून बसवलेलं. आकडा लागलेल्या जागी खपली धरली होती आणि त्याभोवतीचे केस गेले होते. सत्तरीच्या पुढच्या बाईचे केस, बाईंच्यापेक्षाही विरळ, पण अजून कमरेपर्यंत.

मी जखम पुसली, हळद-तेल लावलं. "आजी, गंगावन सोडा," म्हटलं. "एवढंच."

"आणि मग कापायचे?" वन्सं आरशात माझ्याकडे बघत होत्या.

"नको ना. तुमचे हात चालतात. नुसते सैल पीळ घालून खाली मानेवर छोटा अंबाडा ठेवा. जखम बरी होईपर्यंत आकडे नकोत, मऊ कापडाची पट्टी गुंडाळा. भांगाची जागा अधूनमधून बदला. बास."

वन्सं बाईंकडे वळून म्हणाल्या, "तुझे का कापले मग हिने?"

"माझा हात वर जात नाही, वन्सं," बाई म्हणाल्या. "आणि ते नाहीत."

वन्संनी मान खाली घातली. मी त्यांचे केस विंचरून सैल अंबाडा घातला. सुपारीएवढादेखील झाला नाही. त्यांनी हात मागे नेऊन पाहिला, आणि ते गंगावन पिशवीत घालून घेतलं. टाकून दिलं नाही, पण परत बांधलंही नाही. त्या मग आठ दिवस राहिल्या. दोघी ओट्यावर बसत. फार बोलत नसत, पण एकत्र बसत.

पुढच्या पावसाळ्यानंतर बाई आजारी पडल्या. आधी ताप, मग फुफ्फुसात पाणी. मुलगा आणि सून येऊन राहिली. अंथरुणावर पडून केस पुन्हा वाढले होते, खांद्यावर आले होते. मी घरी जाऊन, त्यांना खाटेच्या कडेला बसवून, खांद्यांवर टॉवेल घालून टोकं कापली. तापात बरेच गळले होते. तरी त्यांनी हातआरसा मागितला.

"भांग नीट पाडलास का?"

"पाडला."

"तो डावीकडे लागतो मला," त्या सुनेला म्हणाल्या, सवयीने, बाई वर्गात सांगतात तसं.

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती. रस्त्यातल्या बायका जमल्या. वन्सं आदल्या रात्रीच पोचल्या होत्या. आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा सुनेने मला आत बोलावलं. ओले केस कपाळावर आले होते. शेजारच्या गुजराती बेन फणी घेऊन केस सरळ मागे करत मधून भांग पाडायला लागल्या.

वन्सं पायांशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तसा नाही."

बेन थांबल्या. वन्संनी त्यांच्या हातातून फणी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"तिला डावीकडे लागतो," म्हणाल्या. "तू पाड."

मी टोकाकडून विंचरत वर गेले. भांग डावीकडे, थोडा वाकडा. पुढच्या दोन बटा गालाजवळ घेतल्या. वन्संनी हाताच्या पाठीने बाईंच्या गालावरचं पाणी टिपलं आणि मग तो हात तसाच तिथे ठेवला, पुरुष माणसं दाराशी येऊन उभी राहीपर्यंत.